व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निव्वळ वर्तमान मूल्य

एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम केल्यामुळे पुढील आयुष्यात जी जादा कमाई होते, तिचे आजच्या रुपयांतील मोल काढून त्यातून शुल्क आणि शिकण्याच्या काळात बुडालेला पगार यांचे आजचेच मोल वजा केले की जी रक्कम उरते, ती त्या अभ्यासक्रमाचे निव्वळ वर्तमान मूल्य. वाणिज्य शाखेत व बँकांत ते एनपीव्ही म्हणून परिचित आहे. रक्कम शून्याहून जास्त आली तर अभ्यासक्रम पैशाच्या दृष्टीने परवडतो, कमी आली तर परवडत नाही. येथे नोकरी सोडून पूर्णवेळ दोन वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम करण्याचे उदाहरण घेतले आहे, कारण अशा निर्णयात बुडालेला पगार फार मोठा असतो आणि घरच्या हिशेबात तोच सहसा गळतो.

भविष्यातील उत्पन्नाचे आजचे मोल काढण्याची शास्त्रशुद्ध मांडणी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९०७ आणि १९३० मधील आपल्या ग्रंथांत केली. व्यवसाय-शिक्षणाला हा हिशेब लावण्याचे एक मोठे काम मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझ्नेट्स यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. डॉक्टर, दंतवैद्य, वकील, लेखापाल अशा व्यावसायिकांची मिळकत आणि त्यांच्या लांबलचक प्रशिक्षणाचा खर्च त्यांनी एकमेकांसमोर ठेवून पाहिला. विद्यार्थी शिकत असताना जे कमवत नाही तोही शिक्षणाचाच खर्च आहे, हा मुद्दा थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास ठामपणे मांडला आणि गॅरी बेकर यांच्या १९६४ च्या ग्रंथाने तो अर्थशास्त्रात पक्का रुजवला. शुल्ट्झ यांना १९७९ मध्ये व बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हिशेबाचे सूत्र असे लिहितात:

```
NPV = C0 + C1/(1+r) + C2/(1+r)^2 + ... + Cn/(1+r)^n
```

यात C म्हणजे त्या त्या वर्षी हातात आलेली (अधिक) किंवा हातातून गेलेली (उणे) रक्कम आणि r म्हणजे वटाव दर. हेच पैसे तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी गुंतवले असते तर वर्षाला जितके टक्के मिळाले असते, तो हा दर. शैक्षणिक कर्ज काढून शिकणाऱ्याने निदान आपल्या कर्जाच्या व्याजाइतका दर तरी धरावा.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या अभियंत्याला कर वजा जाता वर्षाला ६ लाख रुपये हाती येतात आणि पगार दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो. अभ्यासक्रमाचे शुल्क वर्षाला ८ लाख, म्हणजे एकूण १६ लाख, आणि ते प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला भरायचे आहे. शिकून बाहेर पडल्यावर त्याला हाती येणारा पगार, नोकरी न सोडता जो मिळाला असता त्यापेक्षा वर्षाला ४ लाखांनी जास्त असेल आणि हा फरक १५ वर्षे टिकेल. वटाव दर १० टक्के. पगार वर्षअखेरीस एकरकमी मिळतो असे सोयीसाठी मानू.

आधी वटाव न लावता बेरीज करू. शुल्क १६ लाख. पहिल्या वर्षी बुडालेला पगार ६ लाख, दुसऱ्या वर्षी ६ लाख ३६ हजार. एकूण खर्च २८ लाख ३६ हजार. समोर १५ वर्षांत ४ लाखांप्रमाणे ६० लाख. म्हणजे ३१ लाखांहून अधिक फायदा दिसतो आणि बहुतेक घरांत चर्चा येथेच संपते.

आता तीच रक्कम आजच्या मोलात पाहू. शुल्काचे पहिले ८ लाख आजच द्यायचे, म्हणून ते ८ लाखच राहतात. दुसरे ८ लाख वर्षभराने द्यायचे आहेत, त्यांचे आजचे मोल ७ लाख २७ हजार. बुडालेल्या दोन पगारांचे आजचे मोल मिळून १० लाख ७१ हजार. एकूण खर्च जवळपास २६ लाख. त्यातले सुमारे ४१ टक्के तर केवळ बुडालेला पगार आहे. खर्च लवकर होत असल्याने वटावाने तो फारसा घटत नाही. जादा पगार मात्र तिसऱ्या वर्षअखेर सुरू होतो आणि सतराव्या वर्षापर्यंत येत राहतो. शेवटच्या ४ लाखांचे आजचे मोल ८० हजारांहूनही कमी भरते. पंधरा वर्षांच्या सगळ्या जादा पगाराचे मोल येते २५ लाख १४ हजार. म्हणून निव्वळ वर्तमान मूल्य उणे ८४ हजार. जो व्यवहार ३१ लाख नफ्याचा वाटत होता, तो प्रत्यक्षात जेमतेम तोट्यात आहे.

संगणकावर हा हिशेब एक्सेलमध्ये करतात, पण तेथे एक खाच आहे. NPV हे फल यादीतील पहिली रक्कम आजची नव्हे, तर वर्षअखेरची मानते. म्हणून आजची रक्कम त्यातून बाहेर ठेवून वेगळी मिळवावी लागते. आजचे उणे ८ लाख B2 मध्ये आणि पुढील सतरा वर्षांच्या रकमा B3 पासून B19 पर्यंत असतील तर सूत्र असे:

```
=NPV(10%,B3:B19)+B2
```

B2 आतच घातली तर संपूर्ण उत्तर आणखी एका वर्षाने वटवले जाते. चिन्ह बदलत नाही, पण दोन अभ्यासक्रमांची तुलना करताना एकाचे उत्तर बरोबर आणि दुसऱ्याचे चुकीचे काढले, तर निवड फसू शकते.

उदाहरणातील कोणता आकडा किती निर्णायक आहे हे एकेक आकडा बदलून कळते. वटाव दर ८ टक्के धरला तर मूल्य अधिक २ लाख ९४ हजार होते, १२ टक्के धरला तर उणे ३ लाख ८५ हजार. शून्य उत्तर देणारा दर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आहे. यालाच अंतर्गत परतावा दर म्हणतात. याहून महाग व्याजाने कर्ज मिळत असेल, तर या अपेक्षांवर अभ्यासक्रम परवडत नाही.

वर्षांनुवर्षे फरक ४ लाखच राहील, ही धारणा कडक आहे. महागाईबरोबर पगार वाढतात तसा फरकही रुपयांत वाढू शकतो. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे. फरक दरवर्षी तितक्याच टक्क्यांनी वाढला, तर मूल्य अधिक ५ लाख ३६ हजारांवर जाते. मात्र दोन्ही बाजू एकाच मापाने मोजायला हव्यात. १० टक्क्यांच्या कर्जदरात महागाई आधीच मिसळलेली असते. पुढचे पगार आजच्या किमतीत लिहून त्यांना हा दर लावला, तर चांगला अभ्यासक्रमही तोट्यात दिसतो.

हिशेबाचा कस लागतो तो फरकाच्या आकड्यावर. अभ्यासक्रमानंतरचा पगार आणि आजचा पगार यांची वजाबाकी हा फरक नव्हे. नोकरी न सोडता त्याच वर्षी जो पगार झाला असता, तो वजा करायचा असतो. उदाहरणातल्या अभियंत्याचा पगार तिसऱ्या वर्षी शिक्षणाविनाच ६ लाख ७४ हजारांवर गेला असता. शिवाय अवघड प्रवेशपरीक्षा पार करणारा माणूस मुळातच हुशार आणि चिकाटीचा असतो, त्याला कारखान्यातही बढती मिळालीच असती. त्या बढतीचे श्रेय पदवीला देता येत नाही. हा फरक जोखण्याची भरवशाची वाट म्हणजे, पाच-सात वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच नोकरीत असलेल्यांपैकी जे शिकायला गेले आणि जे राहिले, त्या दोघांचे आजचे पगार विचारणे.

महाविद्यालयाच्या पुस्तिकेतला सरासरी पगार येथे वापरू नये. दोन-चार मोठ्या रकमा सरासरीला वर खेचतात, म्हणून मधला पगार, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे विद्यार्थी असतात तो, विचारावा. सीटीसीमध्ये मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम आणि एकदाच मिळणारा रुजू होण्याचा बोनस हेही धरलेले असतात. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत वापरल्या जाणाऱ्या आयपीआरएस या पद्धतीत हमीची रोख रक्कम आणि जास्तीत जास्त मिळू शकणारी रक्कम वेगळ्या दाखवतात. ज्या संस्थेचा अहवाल असा विभागलेला नसेल, तिच्या आकड्याला कात्री लावूनच हिशेब करावा.

नोकरीची खात्री नसेल तर तीही आकड्यात उतरवता येते. दहापैकी सातांना ४ लाखांचा आणि तिघांना केवळ १ लाखाचा फरक मिळत असेल, तर अपेक्षित फरक ३ लाख १० हजार ठरतो आणि आपल्या उदाहरणाचे मूल्य उणे साडेसहा लाखांपर्यंत घसरते. ही जोखीम अशी फरकात धरली असेल, तर तिच्यासाठी वटाव दर पुन्हा वाढवू नये.

काही खर्च दोनदा मोजले जातात. शुल्क पूर्ण धरले असेल, तर त्याच शुल्कासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते पुन्हा धरायचे नाहीत. कर्ज म्हणजे तोच खर्च पुढे ढकलणे. कर्जाचा दर आणि वटाव दर सारखे असतील, तर कर्जाने मूल्यात काहीच बदल होत नाही. आयकर कायद्यानुसार शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जी वजावट मिळते, तेवढा फायदा वेगळा मिळवता येतो, मात्र ती जुन्या करपद्धतीपुरती आहे. जेवणखाण दोन्हीकडे असतेच, म्हणून वसतिगृहामुळे जो जादा खर्च येतो तेवढाच धरावा. प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला आधीच दिलेले पैसे मुळीच धरू नयेत. निर्णय कोणताही घेतला तरी ते परत येणार नाहीत.

बुडालेल्या पगाराचे वजन नोकरी न सोडता करायच्या अभ्यासक्रमाशी तुलना केल्यावर नीट कळते. वरच्या उदाहरणात पूर्णवेळ अभ्यासक्रम वसूल व्हायला पगारात वर्षाला ४ लाख १३ हजारांचा फरक पडावा लागतो. तेवढेच शुल्क असलेला सायंकाळचा किंवा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम केला, तर २ लाख ४३ हजारांचा फरक पुरतो. अशा पदवीला बाजारात कमी मान मिळतो ही तक्रार खरी असू शकते, पण तो मान निम्म्याहून थोडा जास्त असला तरी हिशेब जुळतो. वयाचेही असेच आहे. पस्तिशीनंतर पगार मोठा झालेला असतो आणि फरक मिळवण्याची वर्षे कमी उरलेली असतात, त्यामुळे तोच अभ्यासक्रम पंचविशीच्या तुलनेत दोन्ही बाजूंनी महाग पडतो.

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. कामातील आवड, बदललेले शहर, मिळालेली ओळखपाळख यांना तिच्यात जागा नाही. पुढे घरी व्यवसाय काढायचा असेल, तर पगाराचा फरक हे माप गैरलागू ठरते. पदवी वा परवान्याशिवाय जो व्यवसायच करता येत नाही, तेथे तुलना जुन्या नोकरीशी नव्हे, तर हाती असलेल्या पुढच्या उत्तम पर्यायाशी करावी लागते. शुल्क भरण्यापूर्वी सगळ्यांत आशादायी आकड्यांऐवजी मधल्या पगारावर, आपल्या कर्जाच्या दराने आणि बुडालेला पगार धरून हा हिशेब एकदा मांडावा. त्यात मूल्य उणे येत असेल, तर शुल्कात सवलत मिळवणे, नोकरी सांभाळून शिकणे किंवा दुसरी संस्था पाहणे, यांपैकी एक वाट धरावी.