विचारू की करून टाकू?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की व्हॉइस असिस्टंट कधी गुपचूप काम करून टाकतो आणि कधी "तुम्ही अमुक म्हणालात का?" असं विचारत बसतो, हे ठरतं कसं? स्मार्ट स्पीकर येण्याच्या खूप आधी या प्रश्नावर डोकं खाजवून झालंय, तेही साध्या फोन लाईनवर.

स्क्रीनवर चूक झाली तर दिसते, बोट लावून दुरुस्त करता येते. फोनवर सगळं कानातून जातं. मशीनने एक प्रश्न विचारला की तो ऐकायचा, उत्तर द्यायचं आणि मशीनला ते कळेपर्यंत थांबायचं. त्यात पाच-सहा सेकंद सहज जातात. शिवाय तुमचं "हो"सुद्धा चुकीचं ऐकलं जाऊ शकतं!

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एरिक हॉर्विट्झ यांनी हा हिशोब नीट मांडला. त्यांची 'लुकआउट' नावाची सिस्टीम ईमेल वाचून अंदाज बांधायची की माणसाला कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकायची आहे का. खात्री अगदी कमी असेल तर गप्प बसायचं, मधली असेल तर विचारायचं, खूप असेल तर करून टाकायचं. या दोन सीमारेषा कुठे आखायच्या, हे चूक किती महाग पडेल यावर ठरायचं.

हाच हिशोब फोनवर करून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते. प्रश्नाला ५ सेकंद लागतात आणि चुकीचं काम झालं तर ते ऐकून पुन्हा पहिल्यापासून सांगायला २५ सेकंद. चुकण्याची शक्यता १० टक्के असेल तर न विचारल्याने सरासरी अडीच सेकंद वाया जातात, म्हणून करून टाका. ३० टक्के असेल तर साडेसात सेकंद जातात, म्हणून विचारा. बरोबरी होते २० टक्क्यांवर. पण काम पैसे पाठवायचं असेल तर चुकीचा भाव सेकंदांत मोजताच येत नाही, तिथे १ टक्का शंका असली तरी विचारलेलं बरं.

कागदावर हे सोपं दिसतं. पण खऱ्या कॉलमध्ये एक निर्णय पुढच्या निर्णयावर परिणाम करतो. आत्ता नाही विचारलं, आणि चूक तीन वाक्यांनंतर उघडी पडली तर? मग सीमारेषा हाताने आखण्याऐवजी मशीनलाच अनुभवातून शिकवू, असं एटी अँड टी लॅब्जमधल्या सतिंदर सिंग, डायन लिटमन, मायकेल कर्न्स आणि मॅरिलिन वॉकर यांनी ठरवलं.

त्यांची सिस्टीम होती 'एनजेफन'. फोन करायचा आणि न्यू जर्सीत काय करायचं, कुठे, दिवसाच्या कुठल्या वेळी हे सांगायचं, मग ती जागा सुचवायची. संभाषणात ४२ प्रकारच्या परिस्थिती अशा होत्या जिथे दोन पर्याय खुले होते, उदाहरणार्थ खात्री करून घ्यायची की पुढे जायचं. ४२ ठिकाणी दोन-दोन पर्याय म्हणजे चार लाख कोटींहून जास्त धोरणं. एकेक करून तपासणं अशक्यच. म्हणून आधी ३११ कॉलमध्ये मशीनला पर्याय चक्क रँडम निवडू दिले आणि कुठल्या निवडीनंतर काम बरोबर झालं हे नोंदवलं. त्यातून रीइन्फोर्समेंट लर्निंगने एक धोरण काढलं आणि नव्या १२४ कॉलवर चालवलं. काम अगदी बिनचूक पूर्ण होण्याचं प्रमाण ५२ वरून ६४ टक्क्यांवर गेलं.

शिकलेलं धोरण ऐकायला ओळखीचं वाटेल: सुरुवातीला माणसाला मोकळं बोलू द्यायचं, अडलं तर नेमके प्रश्न विचारायचे, आणि ऐकल्याची खात्री कमी असेल तेव्हा पडताळून घ्यायचं. पण मला एक गोष्ट खटकते. बक्षीस फक्त काम बरोबर झालं की नाही याचं होतं. घड्याळ त्यात नव्हतंच. घाईतल्या माणसाला वाढीव प्रश्नाचा जो त्रास होतो, तो या मशीनला कधी कळलाच नाही.

मधला एक मार्गही तेव्हापासून वापरात आहे: वेगळा प्रश्न न विचारता पुढच्या प्रश्नातच ऐकलेलं गुंफायचं. "पुण्याहून किती वाजता निघायचंय?" बरोबर असेल तर तुम्ही थेट वेळ सांगता, एकही सेकंद वाया नाही. पण तुम्ही "ठाणे" म्हणाला असाल तर? मग आपण चिडून, तोडून तोडून, जोरात बोलतो: "पुणे नाही! ठा-णे!" अशी दुरुस्तीची वाक्यं मशीनला साध्या वाक्यांपेक्षा वाईट समजतात, हे लिटमन, ज्युलिया हर्शबर्ग आणि मार्क स्वर्ट्स यांनी रेल्वेची माहिती देणाऱ्या एका सिस्टीमच्या कॉलमध्ये दाखवलं. म्हणजे फुकटचा वाटणारा प्रश्न चुकला की सर्वांत महाग पडतो.

आणि हे सगळं एका गृहीतकावर उभं आहे: मशीन "मला ९० टक्के खात्री आहे" म्हणालं तर ते खरंच दहापैकी नऊ वेळा बरोबर असतं. तपासायचं कसं? ९० टक्के खात्रीचे सगळे कॉल वेगळे काढायचे आणि माणसाने ऐकून मोजायचे. सत्तरच बरोबर निघाले, तर वरच्या हिशोबातली आपली २० टक्क्यांची रेष चुकीच्या जागी आहे, आणि जिथे विचारायला हवं होतं तिथे मशीन बिनधास्त पुढे निघालंय.