तळटीप : स्कोप आणि मटेरिअ‍ॅलिटी

उत्सर्जनाचा उगम कोणाच्या ताब्यात आहे, ते ‘स्कोप’ सांगतो. सानपाड्याशेजारच्या तुर्भे एमआयडीसीतला एखादा कारखाना घ्या. त्याच्या स्वतःच्या जनरेटरमध्ये १,००० लिटर डिझेल जळले, तर सुमारे २.७ टन कार्बन डायऑक्साइड स्कोप १ मध्ये येतो. महावितरणच्या १०,००० युनिटांचे सुमारे ७ टन स्कोप २ मध्ये.

वाहतूकदाराच्या ट्रकचे डिझेल सहसा स्कोप ३ मध्ये जाते. चिलरमधून गळलेला एचएफसी वायू मात्र स्कोप १ चाच, आणि नेमका तोच राहून जातो; गॅस भरल्याची बिले तपासली की सापडतो.

मटेरिअ‍ॅलिटी म्हणजे कोणता मुद्दा कंपनीच्या धंद्यावर किंवा भोवतालच्या लोकांवर ठळक परिणाम करतो, ते ठरवणे. ती केवळ टनांवर ठरत नाही. जनरेटरचा वाटा लहान असला, तरी धूर शेजारच्या वस्तीत जात असेल तर त्याचा विचार व्हायलाच हवा.