नस्ब का? : अरबी वाक्यातील हेतू, काळ आणि स्थळ
(प्रस्तावना)

काटोलच्या परिसरातला एखादा शेतकरी सहज म्हणून जातो, ‘दहा तारखेले काटोलले संत्रा विकाले गेलो.’ या एका वाक्यात ‘ले’ हा प्रत्यय तीनदा येतो आणि तीन वेगळी कामे करतो. पहिल्यांदा तो काळ सांगतो, दुसऱ्यांदा ठिकाण आणि तिसऱ्यांदा हेतू. ‘त्याले पाहिलं’ म्हणताना कर्मालाही हाच प्रत्यय लागतो. नागपुरी आणि वऱ्हाडी बोलीतला ‘ले’ म्हणजे प्रमाण मराठीतला ‘ला’. आपली शालेय व्याकरणे तो द्वितीयेतही दाखवतात आणि चतुर्थीतही. कर्म, काळ, ठिकाण आणि हेतू यांना एकच खूण का पुरावी, हा प्रश्न आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे.

अरबी भाषेच्या अभ्यासकांनी हाच प्रश्न बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या भाषेला विचारला आणि त्याची उत्तरे बारकाईने मांडून ठेवली. मराठीतून शिकलेल्या आणि आता अरबी वाचू पाहणाऱ्या वाचकाला त्या उत्तरांपर्यंत नेणे, एवढेच या पुस्तिकेचे काम आहे. अरबी लिपी आणि वर्णोच्चार येत असतील, तर पुढचे समजायला आणखी तयारी लागत नाही.

अरबी नामाच्या तीन अवस्था आहेत : रफ़्अ, नस्ब आणि जर्र. सामान्यतः त्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावरून ओळखू येतात. रफ़्अमध्ये ‘उ’, नस्बमध्ये ‘अ’ आणि जर्रमध्ये ‘इ’. नाम अनिश्चित असेल तर ‘उन्’, ‘अन्’, ‘इन्’. कर्ता रफ़्अमध्ये असतो, कर्म नस्बमध्ये, आणि शब्दयोगी अव्ययासारखे काम करणाऱ्या ‘फ़ी’, ‘लि’, ‘मिन्’ यांच्या मागून येणारे नाम जर्रमध्ये. नस्बमधल्या शब्दाला ‘मन्सूब’ म्हणतात. आपल्या द्वितीयेशी नस्बची तुलना करता येते, पण त्याचा प्रदेश द्वितीयेपेक्षा मोठा आहे.

आता हे वाक्य पाहा : ‘मकस्तु लैलतन् फ़िल्-बल्दति ख़ौफ़न् मिनल्-मतरि.’ अर्थ असा, की पावसाच्या भीतीने मी एक रात्र गावात राहिलो. ‘लैलतन्’, म्हणजे रात्र, मन्सूब आहे. ‘ख़ौफ़न्’, म्हणजे भीती, हेही मन्सूब आहे. ‘अल्-बल्दति’, म्हणजे गाव, हे मात्र ‘फ़ी’च्या मागे जर्रमध्ये गेले आहे. काळाला आणि कारणाला कोणत्याही अव्ययाची गरज पडली नाही, ठिकाणाला पडली. हा फरक का पडतो, हे कळले की या विषयाची किल्ली हाती येते.

बसऱ्याच्या वैयाकरणांचे उत्तर ‘आमिल’ या कल्पनेवर उभे आहे. आमिल म्हणजे वाक्यातला असा शब्द, ज्याच्यामुळे दुसऱ्या शब्दाचा शेवट ठरतो. क्रियापद हा सर्वांत बलवान आमिल. ते कर्त्याला रफ़्अ देते, आणि त्याला एकच कर्ता असतो. कर्त्यानंतर क्रियापदाचा अर्थ थेट जिथे जिथे पोहोचतो, ते सारे नस्बमध्ये जाते. जर्रसाठी मात्र अव्यय किंवा दुसऱ्या नामाशी जोड लागते. म्हणून प्रश्न असा उरतो, की क्रियापदाचा हात कुठपर्यंत पोहोचतो?

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात बसऱ्यात घडलेला वैयाकरण सीबवैह आपल्या ‘अल्-किताब’ या ग्रंथात याचे उत्तर क्रियापदाच्या घडणीतच शोधतो. क्रियापद दोन गोष्टी सांगते, क्रिया आणि तिचा काळ. ‘मकस्तु’ म्हणताच राहणे कळते आणि ते होऊन गेले हेही कळते. काळ क्रियापदाच्या रूपातच असल्यामुळे ते कोणत्याही कालवाचक नामापर्यंत आपणहून पोहोचते. ‘एक रात्र’ असो, ‘शुक्रवार’ असो की नुसता ‘काही काळ’, सगळे मन्सूब होऊ शकते. स्थळाचे तसे नाही. प्रत्येक क्रिया कुठे तरी घडते एवढेच क्रियापदावरून कळते. ते ‘कुठे’ गाव आहे की घर, हे त्याच्या रूपात नसते. म्हणून क्रियापद थेट पोहोचते ते फक्त मोघम ठिकाणांपर्यंत : वर, खाली, पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे या दिशा आणि मैलासारखी अंतराची मापे. सीमा ठरलेल्या ठिकाणासाठी ‘फ़ी’ लागतो.

वरच्या वाक्यात एकच बदल करा. ‘फ़िल्-बल्दति’च्या जागी ‘तह्तश्-शजरति’, म्हणजे झाडाखाली, ठेवा. ‘तह्त’च्या शेवटी ‘अ’ आला, तो मन्सूब झाला आणि अव्यय गळाले. गावाला वेस असते. ‘खाली’ या दिशेला स्वतःची सीमा नसते. ‘सिर्तु मीलन्’, म्हणजे मी एक मैल चाललो, इथेही अव्यय नाही. उलट ‘मी मशिदीत नमाज पढलो’ या अर्थी ‘सल्लैतुल्-मस्जिद’ म्हटले तर ते अरबी राहत नाही. ‘फ़िल्-मस्जिदि’ म्हणावेच लागते. ‘दख़ल्तुल्-बैत’, म्हणजे मी घरात शिरलो, हे मात्र ‘फ़ी’शिवाय चालते. त्याचे कारण काय, यावर जुन्या वैयाकरणांत मतभेद आहेत आणि ते पुढे एका स्वतंत्र प्रकरणात दिले आहेत.

अशा काळ-स्थळवाचक मन्सूबाला ‘मफ़ऊल फ़ीह’ किंवा ‘ज़र्फ’ म्हणतात. तो ओळखताना नवशिक्याची चूक ठरलेली असते : कालवाचक शब्दाच्या शेवटी ‘अ’ दिसला की तो ज़र्फ मानून टाकणे. ‘उहिब्बु यौमल्-जुमुअति’ म्हणजे मला शुक्रवार आवडतो. इथे ‘यौम’ मन्सूब आहे, पण ते साधे कर्म आहे, कारण आवडते ती वस्तूच शुक्रवार आहे. ‘सुम्तु यौमल्-जुमुअति’, म्हणजे मी शुक्रवारी रोजा धरला, इथे तोच शब्द ज़र्फ आहे. कसोटी सोपी आहे. नामाआधी मनात ‘फ़ी’ ठेवून पाहा. अर्थ तसाच राहिला तर ज़र्फ. बिघडला तर दुसरे काही.

संस्कृत शिकलेल्या वाचकाला इथे ओळखीची वाट भेटेल. अष्टाध्यायीतल्या २.३.५ या सूत्रात पाणिनीने काळाला आणि अंतराला द्वितीया सांगितली आहे, पण एका अटीवर : क्रिया त्या काळाला किंवा अंतराला सलग व्यापून असली पाहिजे. अंतराबाबत दोन्ही परंपरा जवळ येतात. काळाबाबत मात्र अरबी नियम रुंद आहे. क्रियेने शुक्रवार भरून काढला नाही, ती शुक्रवारी केवळ घडली, तरी ‘यौम’ मन्सूब होतो. संस्कृतात तिथे सप्तमी येते. मराठीत आपण ‘दोन दिवस थांबलो’, ‘पाच कोस चाललो’ असे प्रत्ययाशिवायच म्हणतो. तीन भाषांनी एकच काम तीन रीतींनी केले आहे, म्हणून एकीचा नियम दुसरीवर लादू नये.

हेतूचे मन्सूब, म्हणजे ‘मफ़ऊल लहू’, हा या पुस्तिकेचा दुसरा भाग. सीबवैहने त्याचे वर्णन क्रिया घडण्याचे निमित्त, म्हणजे उज़्र, असे केले आहे. ‘का?’ या प्रश्नाचे ते उत्तर असते. ‘का राहिलास?’ – ‘ख़ौफ़न्’. पण कारण सांगणारे प्रत्येक नाम मन्सूब होत नाही. नंतरच्या वैयाकरणांनी त्यासाठी अटी घातल्या. नाम मस्दर, म्हणजे क्रियावाचक नाम, असावे. ते बहुधा मनाची अवस्था सांगणारे असावे : भीती, आदर, आशा, प्रेम. त्याचा कर्ता आणि काळ मुख्य क्रियापदाचेच असावेत.

‘ख़ौफ़न्’ या साऱ्या अटींत बसते. राहिलो मी आणि भ्यालोही मीच; राहण्याच्या वेळीच भीती होती. आता एकेक अट मोडून पाहू. ‘पाण्यासाठी आलो’ यात पाणी मस्दर नाही, म्हणून ‘जिअ्तु लिल्-माइ’ असा ‘लि’ लागतो. ‘तू माझा मान राखलास म्हणून आलो’ यात येणारा मी, मान राखणारा तू. कर्ते दोन झाले, ‘लि’ आला. ‘उद्याच्या प्रवासासाठी आज तयारी केली’ यात काळ दोन झाले, पुन्हा ‘लि’. तिन्ही ठिकाणी कारण आणि क्रिया यांच्यात फट पडली आणि ती भरायला अव्यय आले. भीती आणि थांबणे एकाच माणसात, एकाच वेळी असतात, म्हणून क्रियापद तिथे थेट पोहोचते.

नस्ब कोठून येतो यावर मात्र सर्वांचे एकमत नाही. बसऱ्याचे बहुतेक वैयाकरण मानतात, की मुख्य क्रियापदच ‘लि’चा अर्थ मनात धरून हे नाम मन्सूब करते. कूफ्याच्या वैयाकरणांना ते मुख्य क्रियेचेच दुसरे नाव वाटते. आदराने उभे राहणे हाच एक आदर, म्हणून ते क्रियेच्या जातीदर्शक मस्दरासारखे मन्सूब होते. बसऱ्याच्या मताने अटींचा उलगडा अधिक नीट होतो, म्हणून या पुस्तिकेत ते पायाभूत धरले आहे.

शेवटी ‘अ’च का, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. १००२ मध्ये निवर्तलेल्या इब्न जिन्नीने ‘अल्-ख़साइस’मध्ये ज़ज्जाजचे एक स्पष्टीकरण दिले आहे. एका क्रियापदाला कर्ता एकच, पण मन्सूब अनेक असू शकतात. म्हणून उच्चाराला जड असलेला ‘उ’ थोड्यांना आणि हलका ‘अ’ पुष्कळांना मिळाला, म्हणजे बोलणाऱ्यावरचा भार कमी राहतो. याउलट बाराव्या शतकात कॉर्दोव्हाच्या इब्न मदाने आमिलाची कल्पनाच नाकारली. शेवटचा स्वर ठरवतो तो बोलणारा, शब्द नव्हे, असे त्याचे म्हणणे. त्याचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण ‘फ़ी’ कुठे लागतो आणि कुठे नाही, हे शिकणाऱ्याला आमिलाच्या आधारे लवकर उमगते.

मराठी वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. सुरुवातीच्या ‘ले’शी असलेले साम्य प्रश्न समजण्यापुरते उपयोगी आहे, उत्तर देताना ते फसवते. ‘काटोलले गेलो’ यात काटोल हे पोहोचण्याचे ठिकाण आहे. अरबीत तिथे ‘इला’ आणि जर्र येतात. ‘विकाले’ यात पुढे व्हायचे काम आहे, तर ‘ख़ौफ़न्’मध्ये आधीपासून मनात असलेले कारण, ज्याला आपण ‘भीतीने’ म्हणू. म्हणून ‘ला’ दिसला की नस्ब, असे भाषांतर करू नये.

पुस्तिकेतली प्रकरणे क्रमानेच वाचावीत : आधी काळ, मग स्थळ, शेवटी हेतू. प्रत्येक उताऱ्यात ‘अ’ने संपणारा शब्द भेटला की क्रियापद शोधावे आणि तीन प्रश्न विचारावेत. इथे ‘फ़ी’ बसतो का? ‘का?’चे हे उत्तर आहे का? दोन्ही नसेल, तर हे साधे कर्म आहे का? उत्तर वहीत शब्दाशेजारी लिहावे आणि मगच पाठीमागची उत्तरसूची पाहावी. नियम पाठ करण्याआधी हा सराव करावा, ही वाचकांना विनंती.

काटोल, जि. नागपूर