खरी आकडेवारी, खोटा निष्कर्ष

पेपर मिल म्हणजे शोधनिबंध तयार करून त्यांवरचे लेखकपद विकणारा धंदा. पदोन्नतीसाठी निबंध मोजले जातात तिथे त्याला गिऱ्हाईक मिळते. वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी दुसरीकडून उचललेल्या मजकुरात सॉफ्टवेअरनेच समानार्थी शब्द बसवले जात. त्यातून ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झाले, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बुझम पेरिल’. संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अशा शब्दप्रयोगांची यादी केली. ते आढळले की निबंध संशयित ठरू लागला.

लँग्वेज मॉडेलने ही खूण पुसून टाकली. ते तोच मजकूर स्वच्छ इंग्रजीत नव्याने लिहून देते. 2023 मध्ये ‘फिजिका स्क्रिप्टा’तील एका निबंधात चॅटजीपीटीच्या बटणावरचे ‘रीजनरेट रिस्पॉन्स’ हे शब्द तसेच छापले गेले, म्हणून तो सापडला. सावध माणूस असा सापडत नाही. शिवाय केवळ भाषा सुधारून घेणारा प्रामाणिक संशोधकही एआय-मजकूर ओळखणाऱ्या साधनांत अडकतो. म्हणून भाषेपेक्षा निबंधाचा साचा तपासणे मला अधिक भरवशाचे वाटते.

अमेरिकेच्या ‘एनहेन्स’ या आरोग्य-पाहणीची आकडेवारी सर्वांना खुली आहे. तिच्यातून एखादा घटक आणि एखादा आजार निवडायचा, संबंध काढायचा, मजकूर मॉडेलकडून लिहून घ्यायचा, की निबंध तयार. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या गटाने 2025 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त असे 341 निबंध तपासले. 2014 ते 2021 या काळात ते वर्षाला सरासरी चार निघत. 2024 च्या पहिल्या नऊ-दहा महिन्यांत 190 निघाले. ते सगळे मिलचेच, असे यावरून सिद्ध होत नाही. साचा मात्र स्पष्ट दिसतो.

इथे आकडे खरे आणि गणितही बरोबर, तरी निष्कर्ष पोकळ असू शकतो. ज्यांच्यात मुळात काहीच संबंध नाही अशा 20 जोड्या पाच टक्क्यांच्या कसोटीवर तपासल्या, तर सरासरी एक जोडी निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होते. निबंध छापला जातो तो तिच्यावर. उरलेल्या 19 जोड्यांचा उल्लेखही नसतो. सरेच्या गटाने नैराश्यावरचे 28 निबंध एकत्र घेऊन अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती लावली, तेव्हा फक्त 13 निष्कर्ष टिकले. काही निबंधांत पाहणीची मोजकीच वर्षे घेतली होती, आणि कारण दिलेले नव्हते.

त्यामुळे संपादकाने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. हीच वर्षे का? किती जोड्या तपासल्या? विश्लेषणाचा कोड कुठे आहे? दुसऱ्या लोकसमूहाच्या आकडेवारीत हा संबंध दिसतो का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कडक आहे, कारण योगायोग सहसा दुसऱ्यांदा घडत नाही. पण दुसरी आकडेवारी हाताशी नसलेला नवखा, प्रामाणिक संशोधकही त्याच प्रश्नावर अडतो, आणि दोन खुले साठे जोडून घेणारी मिल त्यातूनही निसटू शकते.