बोलकी संहिता (नभोवाणी)

हातात कागद असूनही निवेदक समोरच्याशी बोलतो आहे असे वाटावे, अशा रीतीने लिहिलेली वाचनसंहिता. सातारा-सांगली भागात तिचे मुख्य क्षेत्र म्हणजे शेतीविषयक नभोवाणी. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक केंद्र २००८ मध्ये. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ होते, हाही याच परंपरेचा धागा.

उदाहरणादाखल, द्राक्षबागायतदारांसाठी पत्रकात असा मजकूर येतो : ‘पानांच्या वरील बाजूस तेलकट डाग व खालील बाजूस पांढरी बुरशी आढळून आल्यास तो केवडा रोग समजून तज्ज्ञांच्या सल्ल्याने फवारणी करण्यात यावी.’ एका दमात हे वाचले की ‘समजून’पर्यंत श्रोता डाग विसरलेला असतो. तेच बोलके केले तर : ‘पानावर डाग दिसतोय? तेलकट, पिवळसर? थांबा. लगेच पंप उचलू नका. पान उलटं करा. खालनं पांढरं, कापसागत काही आलंय? मग तो केवडा. (डावणी म्हणतो ना आपण, तीच.) आता फवारणी. पण औषध कुठलं, ते विचारूनच.’

इथे ‘दिसत आहे’ऐवजी ‘दिसतोय’ आले, ‘आले आहे’ऐवजी ‘आलंय’. कर्मणी प्रयोग गेला आणि बागायतदार थेट समोर आला. त्याहून मोठा बदल म्हणजे एका वाक्यातल्या पायऱ्या सुट्या झाल्या. बागेत माणूस आधी डाग पाहतो, मग पान उलटतो, रोगाचे नाव शेवटी घेतो; वाक्येही तशीच एकेक करून आली. ‘थांबा’ हे एकशब्दी वाक्य श्वासाची जागा देते. कंसातला शेरा किंचित खालच्या, भरभर आवाजात जातो, नंतर क्षणभर थांबून मूळ लय धरायची. कागदावर अशा जागी तिरकी रेघ मारून ठेवावी.

असा मसुदा टेबलाशी बसून क्वचितच जमतो. मजकूर एकदा वाचून कागद पालथा घालावा, सहकाऱ्याला तोंडी सांगावा आणि सांगताना जे आले तेच लिहून घ्यावे. सुटलेला तपशील मागाहून घालावा.

फसते ते बहुधा अतिरेकाने. दर वाक्याला ‘बरं का’ आले की तोही छापील मजकूरच होतो. ज्याच्या तोंडी ‘हाय-न्हाय’ नाही त्याने ते आणले तर नक्कल ऐकू येते. त्याच्यापुरते ‘खालनं’, ‘तिकडनं’ एवढेच पुरे. ध्वनिमुद्रण ऐकताना प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरात पडत असेल, तर निवेदक अजून वाचतोच आहे.

औषधाचे प्रमाण आणि तारखा मात्र सैल करायच्या नसतात. ‘थोडंसं टाका’ ऐकायला सहज वाटते, बागेत महागात पडते. प्रमाण लेबलाप्रमाणे, सावकाश, दोनदा सांगायचे. त्या दोन ओळी वाचल्यासारख्या वाटल्या तरी चालतात.