सहावी ‘ब’ची ग्रामसभा

आपली १९९७ ची दहावीची बॅच. त्यामुळे सहावीत आपण होतो १९९२-९३ साली. नागरिकशास्त्राला तेव्हा वीसच गुण असायचे आणि तास बहुधा मधल्या सुट्टीनंतरचा, म्हणजे पेंगण्याचा. पण त्या वर्षी फेब्रुवारीत बाईंनी ‘स्थानिक शासन संस्था’ हा धडा वाचून न दाखवता वर्गातच ग्रामसभा भरवली, ती बहुतेकांना आठवत असेल.

त्या महिन्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती संसदेत डिसेंबर १९९२ मध्ये मंजूर झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळालं, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली, आणि स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. आपली सभा भरली ती नेमकी या दोन तारखांच्या मधे. पुस्तकात यातलं अजून काहीच नव्हतं. बाईंनी वर्तमानपत्रातलं कात्रण फळ्याला चिकटवलं होतं.

वर्गात आपण ४८ जण. चिठ्ठ्या टाकून कोण सरपंच, कोण पंच, कोण कुठल्या वस्तीत राहतं ते ठरलं. माझ्या वाट्याला ग्रामसेवक आला. मी खूश झाले, पण बाई म्हणाल्या, “ग्रामसेवक सरकारी नोकर. तो सभेचा सचिव, त्यानं लिहायचं. मत द्यायचं नाही.” म्हणजे मतदार उरले ४७. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल ती. ४७ चे १५ टक्के ७.०५, म्हणजे आठ जण हवेत. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मग बाकीचे खेळायला जाऊ?” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “खऱ्या गावातही हेच होतं.”

विषय एकच होता. सार्वजनिक नळ एकच मिळणार, तो चावडीजवळ बसवायचा की ओढ्यापलीकडच्या वस्तीत? सूचक उठला, अनुमोदक उठला, पुढच्या तीन बाकांवरची मुलं तावातावानं बोलली. चावडीच्या बाजूनं १९ हात वर झाले, विरोधात ६. मी इतिवृत्तात झोकात लिहिलं : ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ वडिलांच्या सोसायटीच्या कागदांत तो शब्द मी वाचला होता आणि तो मला भारदस्त वाटायचा.

दुसऱ्या दिवशी सभा पुढे सुरू झाली. कार्यक्रमपत्रिकेवरचा पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. खिडकीजवळच्या रांगेतली आपली एक मैत्रीण उभी राहिली. एरवी ती हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल असं बोलायची. “बाई, मी हात वर केला नव्हता.”

बाईंनी पुन्हा मोजायला लावलं. १९ आणि ६ मिळून २५. उरलेल्या २२ जणांनी हातच वर केला नव्हता, आणि त्यांत १७ मुली होत्या. बाईंनी विचारलं, “घरी पाणी कोण भरतं?” हात कुणाचे वर झाले ते सांगायला नको.

आम्हांला वाटलं, आता ठराव बदलणार. पण बाईंनी तसं होऊ दिलं नाही. इतिवृत्त कायम करताना फक्त नोंद दुरुस्त करता येते, घेतलेला निर्णय फिरवता येत नाही; त्यासाठी विषय रीतसर पुन्हा मांडावा लागतो. मी ‘सर्वानुमते’ खोडून लिहिलं : ‘बहुमताने, बाजूने १९, विरोधात ६.’ खाली सरपंचाची सही झाली. तेवढ्यात घंटा वाजली. पुढच्या तासाला दुसरा धडा सुरू झाला, आणि आपल्या गावातला नळ चावडीजवळच राहिला.

गणपूर्तीनं माणसं मोजली जातात, ती बोलली की नाही हे मोजलं जात नाही. पुढे महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी महिला सभा घेण्याची तरतूद आली, आणि २०११ मध्ये त्यांच्या राखीव जागा निम्म्या झाल्या. ते वाचताना मला दोन्ही वेळा खिडकीजवळची ती रांग आठवली.

आज ऑफिसात मीटिंगचा वृत्तांत लिहायचं काम बहुधा माझ्याकडेच येतं. ‘सगळ्यांना मान्य’ असं लिहिण्याआधी मी न बोललेल्यांना एकेक करून विचारते. सहकाऱ्यांना तो चिकटपणा वाटतो.

त्या मैत्रिणीला मी तेव्हा सॉरी म्हटलं नव्हतं, उलट दोन दिवस अबोला धरला होता. संमेलनाला ती येणार आहे असं कळलंय. नोंद दुरुस्त करायची राहिली आहे, ती तिथे करीन.