पायरी चाचणी (हार्वर्ड स्टेप टेस्ट)

ठरावीक उंचीच्या बाकावर ठरावीक लयीत चढउतार करायची, थांबल्यावर नाडी किती लवकर खाली येते ते मोजायचे आणि त्यावरून हृदयाची श्रम पेलण्याची तयारी जोखायची, अशी ही साधी चाचणी आहे. शारीरिक शिक्षणाच्या वर्गांत ती ‘हार्वर्ड स्टेप टेस्ट’ याच नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या थकवा-संशोधन प्रयोगशाळेत ल्युसियन ब्रूहा आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. ब्रूहा यांचा त्यावरचा लेख १९४३ साली प्रसिद्ध झाला. ती तरुण पुरुषांसाठी होती, हे पुढचे आकडे वाचताना विसरू नये.

मूळ रीतीत बाक २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर उंच असतो. मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर लावतात. एक पाय वर, दुसरा वर, पहिला खाली, दुसरा खाली अशा चार ठोक्यांत एक फेरी पुरी होते. मिनिटाला ३० फेऱ्या याप्रमाणे पाच मिनिटे हे चालते. वर गेल्यावर गुडघे सरळ व्हायला हवेत आणि पूर्ण तळवा टेकायला हवा. लय सुटली आणि १५-२० सेकंदांत परत साधली नाही, तर तिथेच थांबवून वेळ लिहून घेतात.

मग माणूस खाली बसतो. नाडी लगेच मोजत नाहीत. थांबल्यापासून १ ते १॥, २ ते २॥ आणि ३ ते ३॥ मिनिटे या तीन अर्ध्या मिनिटांतले ठोके मोजतात. टिकलेले सेकंद गुणिले १००, भागिले तीन मोजण्यांच्या बेरजेची दुप्पट, हा निर्देशांक. ९० च्या वर उत्तम, ८० ते ८९ चांगला, ६५ ते ७९ बऱ्यापैकी, ५५ ते ६४ सरासरीखाली आणि ५५ पेक्षा कमी तो कमकुवत धरतात.

समजा, पौडमधल्या एका तरुणाने पाच मिनिटे पुरी केली आणि ठोके ८२, ७०, ६१ आले. बेरीज २१३, दुप्पट ४२६. ३०,००० भागिले ४२६ म्हणजे सुमारे ७०. त्याचा मित्र ३ मिनिटे ४० सेकंदांत थांबला. ठोके ७८, ६७, ५९. त्याची नाडी प्रत्येक वेळी कमीच आहे, पण २२,००० भागिले ४०८ केल्यावर हाती येतात जेमतेम ५४. नुसती नाडी पाहिली असती तर मित्रच तंदुरुस्त ठरला असता.

घोळ बहुतेक वेळा बाकाच्या उंचीत होतो. दीडशे फेऱ्यांत मूळ बाकावर एकूण ७६ मीटर चढ होतो. घराच्या जिन्याच्या १७ सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या धरून तेच केले तर चढ ५१ मीटर, म्हणजे श्रम एकतृतीयांशाने कमी. निर्देशांक मात्र फुगतो, कारण सूत्रात उंची कुठेच नाही. अशा आकड्याला हार्वर्डचा तक्ता लावणे चूकच. उलट १५५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला मूळ बाक त्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाइतका पडतो. हृदय दमण्याआधी मांड्याच भरून येतात. असा माणूस धापा न टाकताच थांबतो, त्यावरून हे ओळखता येते. स्त्रियांसाठी आणि बुटक्या माणसांसाठी म्हणूनच बाक कमी उंचीचा घेतात, पण मग तक्ताही त्याच उंचीचा लागतो.

दुसरी चूक घाईची. पहिल्या मिनिटात नाडी झपाट्याने उतरते, त्यामुळे अर्धा मिनिट आधी मोजणी सुरू केली की आकडा वाढतो आणि निर्देशांक पडतो. अंगठ्याने मोजू नये. त्याचेच ठोके मोजणाऱ्याला फसवतात. मनगटाच्या मोजणीत एखाददुसरा ठोका इकडेतिकडे झाल्याने मात्र फार बिघडत नाही: वरच्या उदाहरणात प्रत्येक मोजणीत दोन ठोके जास्त धरले तरी ७० चे सुमारे ६८ होतात. नुकताच घेतलेला चहा, तंबाखू, ताप, उकाडा यांनी नाडी चढते. रक्तदाबाची काही औषधे ती दाबून ठेवतात. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर ताबडतोब थांबावे. हृदयविकार किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये.

मुळशीच्या पावसाळ्यात मैदान चिखलाचे होते आणि भरतीची तयारी करणाऱ्यांचे धावणे अडते. तेव्हा एकच बाक, एकच लय आणि दिवसाची एकच वेळ ठेवून दर पंधरवड्याला स्वतःचा आकडा स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडावा. या चाचणीचा सर्वांत भरवशाचा उपयोग तोच. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत गुण मिळतात ते धावणे आणि गोळाफेक यांना. पायरी चाचणी त्यात नाही.